सहावं अक्षर

भोसरीच्या एका उद्योजकांचा फोन आला तेव्हा त्यांचा कंटेनर समुद्रात होता. चीनमधल्या निंगबो बंदरातून 4 मार्चला निघालेला वीस फुटी कंटेनर, आत प्लास्टिकचे सुटे भाग बनवणारं एक यंत्र, आणि न्हावा शेवाला पोहोचण्याची तारीख 21 मार्च. पुरवठादारानं बिल ऑफ लेडिंगची स्कॅन प्रत पाठवली होती. आयातीच्या कागदांची तयारी करताना आमच्या ऑफिसातल्या मुलीला त्यात काहीतरी खटकलं, आणि तिनं त्यांना कळवलं होतं.

माल घेणाऱ्याच्या, म्हणजे कन्साइनीच्या रकान्यात त्यांच्या जुन्या फर्मचं नाव होतं. मध्यंतरी त्यांनी एकट्याच्या मालकीची फर्म बंद करून प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली होती. नाव जवळजवळ तेच, पत्ता तोच, फोन तोच. चीनमधल्या पुरवठादाराकडे दोन वर्षांपूर्वीच्या ऑर्डरची माहिती साठवलेली होती, ती त्यानं जशीच्या तशी भरून दिली.

“अहो, माणूस मीच आहे ना?” ते म्हणाले. “नावापुढे प्रायव्हेट लिमिटेड लावायचं, एवढंच तर आहे. तुम्ही इथे मुंबईत लाइनला सांगून टाका.”

मी गेली अनेक वर्षं कस्टम क्लिअरिंगच्या धंद्यात आहे. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, आणि दर वेळी त्यातल्या दोन्ही समजुती चुकीच्या निघाल्या आहेत. माणूस तोच असला तरी कायद्याच्या दृष्टीनं माल घेणारा तो नसतो. आणि मुंबईतल्या लाइनला सांगून, म्हणजे शिपिंग कंपनीच्या इथल्या कार्यालयाला सांगून, काही होत नाही.

पहिली समजूत आधी घेऊ. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे 27. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे त्या व्यवसायाचा पॅन. आयात-निर्यातीसाठी लागणारा आयईसी क्रमांकही 2017 पासून पॅनवरच चालतो. आणि पॅनमधलं चौथं अक्षर तो कोणाचा आहे हे सांगतं: व्यक्तीचा असेल तर P, कंपनीचा असेल तर C. एकट्याच्या मालकीच्या फर्मला स्वतःचा वेगळा पॅन नसतो, मालकाचाच पॅन चालतो. म्हणून जीएसटी क्रमांकातलं सहावं अक्षर पाहिलं की माल माणसाच्या नावावर येतोय की कंपनीच्या, हे लगेच कळतं. या बीएलवर सहावं अक्षर P होतं. यंत्र मागवलं होतं कंपनीनं, आणि समुद्रातून येत होतं ते एका व्यक्तीच्या नावानं.

हे टायपिंग चुकणं नव्हे, माल घेणारा पक्षच बदलणं आहे. शिपिंग लाइन या दोन गोष्टींत फार मोठा फरक करते. पत्त्यातला पिनकोड चुकला, “इंडस्ट्रीज”मधलं एक अक्षर गळलं, तर विनंतीचं पत्र आणि फी भरून काम होतं. पक्ष बदलायचा असेल तर लाइन हमीपत्र मागते, ना-हरकत मागते, आणि सगळ्या मूळ प्रती परत मागते. तिचं म्हणणं रास्त आहे. बीएल ही फक्त पावती नाही. ती मालावरच्या हक्काचा कागद आहे, आणि ती दाखवणाऱ्याच्या हाती माल द्यायला लाइन बांधलेली आहे. कन्साइनीचे हक्क भारतात 1856 पासूनच्या कायद्यानं ठरलेले होते. 2025 मध्ये त्याची जागा नव्या कायद्यानं घेतली, पण गाभा तोच आहे. नाव बदललं आणि जुनी प्रत कुठेतरी फिरत राहिली, तर एकाच मालावर दोन माणसं दोन कागद घेऊन हक्क सांगू शकतात, आणि त्याची भरपाई लाइनच्या गळ्यात येते.

बीएलच्या मूळ प्रती बहुतेक वेळा तीन निघतात. त्यातल्या एकीवर माल सुटला की उरलेल्या दोन रद्द, असं त्यावर छापलेलंच असतं. म्हणून दुरुस्तीच्या वेळी लाइन तिन्ही प्रती मागते. दोन देऊन भागत नाही. आमच्या या उद्योजकांचं नशीब असं, की त्यांनी पुरवठादाराला तीस टक्के रक्कम आगाऊ दिली होती आणि सत्तर टक्के बीएलची स्कॅन प्रत पाहून द्यायची होती. पैसे बाकी होते, त्यामुळे तिन्ही मूळ प्रती अजून निंगबोतच पुरवठादाराच्या कपाटात होत्या. त्या कुरियरनं पुण्याला निघाल्या असत्या तर त्या परत जाईपर्यंत चार-पाच दिवस गेले असते. काही लाइन मुंबईतच प्रती जमा करून घेतात आणि तसं मूळ बंदराच्या कार्यालयाला कळवतात. पण ते आधी विचारून घ्यावं लागतं, गृहीत धरता येत नाही. मूळ प्रती निघालेल्याच नसतील, म्हणजे सीवे बिल असेल किंवा प्रती आधीच सरेंडर करून टेलेक्स रिलीज घेतलेला असेल, तर हा भाग बराच हलका होतो.

बाकी पैसे हातात असणं हा या सगळ्यात खरेदीदाराचा सगळ्यात मोठा आधार असतो. मी त्यांना पहिली गोष्ट सांगितली ती हीच: दुरुस्त बीएलची स्कॅन येईपर्यंत सत्तर टक्के सोडू नका. भांडायला नव्हे, पण पुरवठादाराला तुमचं काम आज करावंसं वाटायला हवं.

आता दुसरी समजूत. बीएल हा करार शिपर आणि लाइन यांच्यातला. माल चढवणारा तो, बुकिंग त्याचं, बीएलसाठीची माहिती त्यानं दिलेली. म्हणून दुरुस्तीची विनंतीही त्यानंच करायची, ती मूळ बंदरातल्या कार्यालयाकडे. न्हावा शेवाचं कार्यालय तिकडून दुरुस्ती आल्यावर ती आपल्या नोंदीत घेतं. आपण इथून कितीही फोन केले तरी ऐकणारा माणूस विनम्रपणे म्हणतो, “सर, ओरिजिनकडून मेल येऊ द्या.” त्यात त्याची टाळाटाळ नाही. मधे फॉरवर्डर असेल आणि त्यानं स्वतःची हाउस बीएल दिली असेल, तर आपलं नाव कोणत्या कागदावर आहे हे आधी शोधावं लागतं. लाइनच्या मास्टर बीएलवर बहुधा फॉरवर्डरच्या इथल्या एजंटाचं नाव असतं, आणि मग दुरुस्ती फॉरवर्डरकडून करून घ्यायची. या प्रकरणात लाइनचीच थेट बीएल होती, एवढी गुंतागुंत वाचली.

9 मार्चला चूक लक्षात आली. त्याच दिवशी पुरवठादारानं लाइनला मेल केला: कृपया कन्साइनीचं नाव बदला. नाव खाली लिहिलेलं, बस. दुसऱ्या दिवशी तो परत आला. असे मेल परतच येतात, आणि प्रत्येक फेरीत एक दिवस जातो.

मग आम्ही इथून मसुदा करून दिला आणि पुरवठादारानं तो आपल्या लेटरहेडवर काढून, सही-शिक्का मारून पाठवला. त्यात बीएल क्रमांक, जहाजाचं नाव आणि फेरीचा क्रमांक, कंटेनर आणि सीलचा क्रमांक होता. त्याखाली जुना रकाना संपूर्ण, जसा छापलाय तसा, आणि त्याच्यासमोर नवा रकाना संपूर्ण, जसा वाचला जावा तसा. फक्त चुकलेला शब्द लिहायचा नाही, कारण पलीकडे टाइप करणारा माणूस तुमचा अर्थ लावत बसत नाही. त्याला पूर्ण मजकूर उचलून ठेवायला दिला की चूक कमी होते. बदलाचं कारण एका वाक्यात. तिन्ही मूळ प्रती परत करत असल्याचं निवेदन, आणि या बदलामुळे कोणी दावा केला तर भरपाई शिपर देईल असं हमीपत्र. सोबत नव्या नावानं केलेलं इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट, नव्या कंपनीच्या आयईसी आणि जीएसटी नोंदणीची प्रत.

एक कागद इकडून द्यायचा होता: जुन्या कन्साइनीची ना-हरकत. म्हणजे भोसरीच्या त्याच गृहस्थांनी जुन्या फर्मच्या लेटरहेडवर, मालक म्हणून सही करून लिहून द्यायचं की हा माल नव्या कंपनीच्या नावे करायला माझी हरकत नाही. ते हसले होते. स्वतःलाच परवानगी देण्यासारखं वाटलं त्यांना. पण लाइनच्या दृष्टीनं जुना पक्ष कोणीही असू शकतो: भांडून वेगळा झालेला भागीदार, पैसे अडकलेला दुसरा खरेदीदार. तिला ती सही हवीच असते. बीएल बँकेमार्फत येत असेल तर बँकेचीही संमती लागते.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण माणसं दोन्हींची गल्लत करतात. माल समुद्रात असताना तो खरोखरच दुसऱ्या कोणाला विकायचा असेल, तर ती हाय-सी सेल. तिचा स्वतंत्र करार होतो, बीएलवर पाठीमागे सही करून हक्क दिला जातो. त्यासाठी बीएल “चुकली” असं पत्र लिहून नाव बदलून घेणं म्हणजे खोटं कारण देणं आहे, आणि पुढे सीमाशुल्क अधिकारी मूल्यांकनासाठी कागद मागतात तेव्हा ते अंगाशी येतं. तसंच, बीएल “टू ऑर्डर” असेल तर हक्क पाठीमागच्या सहीनंच पुढे जातो. मग कन्साइनीचा रकाना दुरुस्त करायचा प्रश्न बहुधा येत नाही, मात्र खालचा नोटिफाय पार्टीचा रकाना बरोबर असावा लागतो.

दुसरा एक सोपा रस्ताही असतो, आणि मी तो त्यांना विचारला होता. जुन्या फर्मचा आयईसी आणि जीएसटी चालू असता, तर माल तिच्याच नावानं सोडवून, तिनं नव्या कंपनीला रीतसर बिल करून विकता आला असता. लाइनला काही सांगावंच लागलं नसतं. पण त्यांची जुनी जीएसटी नोंदणी डिसेंबरमध्येच रद्द झाली होती. तो रस्ता बंद.

आता वेळेची गोष्ट. “21 तारखेला जहाज येतंय, आज 10, अजून अकरा दिवस आहेत,” असा हिशोब सगळेच करतात, आणि तो चुकतो. आपली मुदत जहाज येण्याची नसते, जहाजाची मालयादी दाखल होण्याची असते. सीमाशुल्क कायद्याच्या कलम 30 प्रमाणे लाइननं ही यादी जहाज येण्याआधी सीमाशुल्काकडे द्यायची असते. आमच्या भाषेत आयजीएम. तिच्यात प्रत्येक बीएलची एक ओळ असते, आणि त्या ओळीत कन्साइनीचं नाव. प्रत्यक्षात लाइन ती काही दिवस आधीच भरून टाकते. तोपर्यंत दुरुस्ती आली तर ती लाइनच्या घरातली गोष्ट राहते: जुनी प्रत रद्द, नवी प्रत, फी, संपलं. यादी दाखल झाली की ती सरकारी नोंद होते. मग बदल करायचा तर त्याच कलमाखाली अर्ज करावा लागतो, तोही यादी भरणाऱ्यानं, आणि यात फसवणुकीचा हेतू नव्हता अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. माल घेणाऱ्याचं नाव बदलतंय म्हटल्यावर अधिकारी प्रश्न विचारणारच, आणि त्यांनी विचारलेही पाहिजेत.

त्यात आणखी एक खाच आहे. या कंटेनरचा प्रवास सरळ नव्हता. तो पोर्ट क्लांगला उतरून दुसऱ्या जहाजावर चढणार होता. बीएलवर पहिल्या जहाजाचं नाव असतं. आयजीएम भरली जाते ती शेवटच्या जहाजाची. म्हणून पहिल्या जहाजावर लक्ष ठेवून उपयोग नाही. लाइनला विचारायचं ते असं: दुसरं जहाज कोणतं, आणि त्याची आयजीएम कधी भरणार? आम्हाला उत्तर मिळालं, 17 किंवा 18 मार्च. म्हणजे अकरा दिवस नव्हते, सात होते, आणि त्यात एक शनिवार-रविवार.

नाव चुकीचं राहून आयजीएम गेली असती तर काय झालं असतं ते पैशात सांगतो. आयातदारानं बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसाअखेर भरायची असते, सुट्टी असली तरी. 2021 मध्ये झालेल्या बदलानंतर हा नियम चीनहून येणाऱ्या मालाला लागू आहे. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज 5,000 रुपये आणि नंतर रोज 10,000 रुपये आकार. आयजीएममध्ये एक नाव आणि बिल ऑफ एंट्रीत दुसरं, असं जुळत नाही. म्हणजे आधी आयजीएम दुरुस्त होण्याची वाट पाहायची. ती दहा दिवस लांबली तर आकारच 85,000 होतो. यात कंटेनर अडकवून ठेवल्याचं लाइनचं भाडं आणि जागेचं भाडं धरलेलंच नाही. लाइनची दुरुस्तीची फी लाइनगणिक वेगळी असते, पण या आकड्यापुढे ती नेहमीच लहान निघते.

13 मार्चला दुरुस्त बीएलचा मसुदा आला. या टप्प्यावर सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि घाईघाईनं “ओके” लिहून पाठवतात. मी तसं कधीच करू देत नाही. मसुदा कागदावर छापायचा, शेजारी जीएसटीचं प्रमाणपत्र ठेवायचं, आणि एका माणसानं वाचायचं, दुसऱ्यानं बोट ठेवायचं. सहावं अक्षर C होतं, छान. पण पुढे शून्याच्या जागी इंग्रजी O बसलेला होता. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. पॅनची रचना माहीत असेल तर मात्र हे लगेच सापडतं: आधी पाच अक्षरं, मग चार अंक, मग एक अक्षर. अंकांच्या चौकडीत O येऊच शकत नाही. बीएलवर आयईसीही छापलेला होता. जीएसटी क्रमांकाच्या पोटातली दहा अक्षरं त्याच्याशी ताडून पाहिली तर तिथे शून्य बरोबर होतं. एकाच पानावर एकच क्रमांक दोन प्रकारे छापलेला.

मसुद्यात बदलू नये त्या गोष्टीही तितक्याच काळजीनं पाहायच्या. माल जहाजावर चढल्याची तारीख 4 मार्चच राहिली पाहिजे. नवी प्रत 16 तारखेला छापली म्हणून तीही सरकली, तर खरेदी करार, विमा, सगळंच डळमळतं. क्रेडिट पत्रावर व्यवहार असेल तर फारच. तिथे माल चढल्यापासून 21 दिवसांत कागद बँकेत द्यायचे असतात, आणि दुरुस्तीत गेलेले दिवस त्यातूनच वजा होतात. शिवाय बँकांच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एरवी पत्त्यातला छोटा फरक चालतो, पण खरेदीदाराचा पत्ता बीएलच्या कन्साइनी किंवा नोटिफाय रकान्यात आला की तो क्रेडिट पत्राप्रमाणेच असावा लागतो. ज्यांचं पेमेंट त्या मार्गानं होतं त्यांनी नवा मजकूर प्रमाणपत्रासोबत क्रेडिट पत्राशीही ताडावा.

O काढून शून्य टाकला गेला, 16 मार्चला तिन्ही जुन्या प्रती लाइननं रद्द करून नव्या तीन दिल्या, आणि त्याच दिवशी निंगबोच्या कार्यालयानं मुंबईला दुरुस्तीचा मेल केला. पुरवठादाराकडून आम्हाला नवी स्कॅन आली. काम झालं असं इथेही समजू नये. नवी बीएल आली याचा अर्थ लाइनच्या मुंबईतल्या संगणकात नवं नाव गेलं, असा होत नाही. मेल कोणाच्या तरी इनबॉक्समध्ये पडून राहू शकतो आणि यादी जुन्या माहितीवरून भरली जाते. मी असं होताना पाहिलंय. 17 ला आमचा माणूस लाइनच्या ऑफिसात गेला आणि आयात विभागाच्या स्क्रीनवर त्या बीएलची ओळ त्यानं स्वतः पाहिली. 18 ला आयजीएम दाखल झाली, तेव्हा आइसगेटवर पुन्हा तपासली. 19 ला बिल ऑफ एंट्री भरली. सत्तर टक्के रक्कम त्यांनी 16 लाच पाठवली होती, कंपनीच्या खात्यातून.

एक गाठ मात्र बीएलच्या दुरुस्तीनं सुटली नाही. आगाऊ दिलेले तीस टक्के जुन्या फर्मच्या खात्यातून गेले होते. परदेशी पाठवलेला प्रत्येक पैसा आणि त्याबदल्यात आलेला माल यांची जुळणी बँका रिझर्व्ह बँकेच्या आयडीपीएमएस या प्रणालीत करतात, तीही आयईसीनिहाय. पैसे एका आयईसीवर गेले, माल दुसऱ्या आयईसीवर आला. जुन्या फर्मच्या नावावर “पैसे गेले, माल आला नाही” अशी नोंद उघडी राहिली. त्यासाठी त्यांना व्यवसाय कंपनीकडे हस्तांतरित केल्याचा करार, नवी बीएल, जुनी रद्द बीएल आणि ना-हरकतीचं तेच पत्र घेऊन बँकेत जावं लागलं. जे पत्र लिहिताना ते हसले होते, ते तिथे कामाला आलं. बँकेनं जुळणी करायला महिनाभर घेतला. म्हणून दुरुस्तीच्या फायलीतला एकही कागद, रद्द झालेल्या बीएलची प्रतसुद्धा, माल घरी आला म्हणून फेकू नका.

यंत्र भोसरीला पोहोचल्यावर मी त्यांना म्हटलं, पुरवठादाराला आता एक वेगळा मेल करा. या बीएलबद्दल नाही. त्यांच्या नोंदीतून जुनी फर्म काढून टाका म्हणून. पुढची बुकिंग त्याच साठवलेल्या माहितीवरून होणार. त्यांनी केला.

जूनमध्ये साच्यांचा कंटेनर निघाला. या वेळी जहाज सुटण्याआधी, मसुदा असतानाच त्यांनी तो मला पाठवला, आणि सोबत लिहिलं, “सहावं अक्षर पाहिलं, C आहे.” खरंच C होता. नाव, पत्ता, आयईसी, सगळं बरोबर. फक्त मागच्या वेळी “कन्साइनीप्रमाणेच” असं लिहिलेल्या नोटिफाय पार्टीच्या रकान्यात या वेळी कोणीतरी पूर्ण नाव टाइप केलं होतं, आणि ते जुन्या फर्मचं होतं.